भाड्याच्या घराचं पान: पायऱ्या, फोटो आणि चौकशीचं बटण

प्रश्न: ताई, चिपळूण-गुहागर भागात आम्ही बाप-लेक भाड्याची घरं लावून देतो. गेल्या वर्षी वेबसाइट केली. पंधरा-सोळा घरं आहेत, प्रत्येकाला फोटो, मजला, खोल्या आणि ‘चौकशी करा’ बटण आहे. पण बटणावरून फार थोड्या चौकशा येतात, त्याही बहुतेक “अजून आहे का?” एवढ्याच. जे बघायला येतात त्यातले निम्मे जिन्यातूनच परत जातात. CH-14 हा खेंडचा फ्लॅट तर चार महिने पडून आहे. पानावर नेमकं काय बदलू?

उत्तर:

परवा दुपारी तुमच्या CH-14 च्या पानावरून मी स्वतः चौकशी पाठवली. नाव, फोन, ईमेल भरलं, बटण दाबलं, ‘धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू’ असं आलं. आज तिसरा दिवस, तुमचा फोन नाही. तुम्ही आळशी नाही, हे तुमच्या प्रश्नावरूनच कळतं. म्हणजे माझी चौकशी तुमच्यापर्यंत पोचलीच नाही. तेव्हा आधी स्पॅमचा फोल्डर उघडा. माझ्याबरोबर आणखी किती जण तिथे पडलेत ते मोजा आणि मगच पुढचं वाचा.

हे का होतं ते सांगते, कारण लहान साइटवर हाच दोष मला सगळ्यात जास्त वेळा सापडला आहे. फॉर्म बनवणाऱ्याने सोय म्हणून मेलच्या From मध्ये गिऱ्हाइकाचाच पत्ता टाकलेला असतो. मग होतं असं, की तुमच्या होस्टिंगचा सर्व्हर “मी gmail.com वरून बोलतोय” असं सांगत मेल पाठवतो. घेणारा सर्व्हर तपासतो की जीमेलच्या नावाने पत्र पाठवायची या सर्व्हरला परवानगी आहे का. ती नसते, म्हणून मेल स्पॅममध्ये जातो किंवा दारातच अडवला जातो. फॉर्मला यातलं काही कळत नाही, तो आपला धन्यवाद म्हणून मोकळा. उपाय सोपा आहे: From मध्ये कायम तुमच्या स्वतःच्या डोमेनचा पत्ता, गिऱ्हाइकाचा पत्ता Reply-To मध्ये, आणि डोमेनच्या सेटिंगमध्ये SPF व DKIM, म्हणजे मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे घेणाऱ्या सर्व्हरला पटवणाऱ्या नोंदी. होस्टिंगवाल्याला फोन करून एवढंच सांगितलं तरी तो अर्ध्या तासात करून देतो.

पण मेलवर मी एवढ्यावरही भरवसा ठेवत नाही. बटण दाबल्याबरोबर चौकशी आधी डेटाबेसमध्ये लिहिली गेली पाहिजे, मेल त्यानंतर. मग महिनाअखेरीला डेटाबेसमधल्या ओळी आणि हातात आलेले मेल मोजायचे. आकडे जुळले नाहीत की गळती कुठे आहे ते कळतं. शिवाय मी दर सोमवारी सकाळी दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून एक खोटी चौकशी टाकते. स्वतःच्या फोनवरून नाही, कारण आपल्या फोनवर आपलीच साइट नेहमी नीट चालते.

फॉर्मच्या शेजारी व्हॉट्सअॅपचं बटण द्याच. आपल्याकडचा भाडेकरू, म्हणजे लोट्याच्या एमआयडीसीत नोकरी लागलेला मुलगा किंवा बदली होऊन आलेल्या शिक्षिका, फॉर्म भरण्यापेक्षा निरोप टाकणं पसंत करतात. ही साधी लिंक असते:

```html
<a href="https://wa.me/91XXXXXXXXXX?text=CH-14%20Khend%202BHK">
व्हॉट्सअॅपवर विचारा</a>
```

यात दोन चुका हमखास होतात. पहिली नंबराची: 91 आणि पुढे दहा आकडे, बस. आधी शून्य, अधिकचं चिन्ह, मधे मोकळी जागा किंवा आडवी रेघ काही नको. दुसरी चूक मजकुराची. निरोपात & किंवा # हे चिन्ह तसंच राहिलं, तर त्याच्या पुढचा भाग गायब होतो. म्हणून मजकूर जावास्क्रिप्टच्या `encodeURIComponent` मधून काढूनच जोडा, मग देवनागरीही बिनधास्त चालते. आणि घराचा क्रमांक त्या निरोपात आपोआप यायलाच हवा. “तो फ्लॅट आहे का?” असा निरोप आला की तुम्ही विचारणार “कुठला?”, आणि त्याचं उत्तर यायच्या आत तो माणूस दुसरीकडे बघून आलेला असतो.

फॉर्ममध्ये तीनच रकाने ठेवा: नाव, फोन, आणि ‘कोण राहणार, कधीपासून’. तुमच्याकडे आत्ता ईमेल सक्तीचा आहे, तो काढून टाका. फोनच्या रकान्याला `type="tel"` द्या, म्हणजे मोबाइलवर आकड्यांचा कीबोर्ड उघडतो. चौकशीचा फोन घेणारा माणूस कोण आणि किती ते किती वाजेपर्यंत, हेही बटणाखाली लिहा. रात्री साडेदहाला “आहे का?” विचारून सकाळपर्यंत उत्तर नाही आलं की लोक रुसतात.

आता “अजून आहे का?” या प्रश्नाकडे येऊ. लोक तो उगाच विचारत नाहीत. त्यांनी इतर ठिकाणी सहा महिन्यांपूर्वी गेलेली घरं तशीच टांगलेली पाहिली आहेत. तुमच्या पानावर तारीखच नाही, मग त्यांनी तरी काय समजायचं? प्रत्येक घराच्या नावाखाली एक ओळ टाका: ‘रिकामं असल्याची खात्री केली: ६ जून’. ही तारीख हाताने बदलायची, मालकाला फोन करून. दहा दिवसांपेक्षा जुनी झाली की साइटने ते घर आपोआप यादीच्या तळाला टाकावं. मी हे सुरू केलं तेव्हा मालकांना फोन करायचा कंटाळा यायचा. पण त्याच फोनमधून ‘अहो, ते तर परवाच दिलं’ हेही कळायला लागलं.

मग मजला. तुमचे लोक जिन्यातून का परत जातात, याचं उत्तर इथे आहे.

तुम्ही लिहिलंय ‘दुसरा मजला’. सपाटीवरच्या गावात एवढं पुरलं असतं. आपल्याकडे घर उतारावर असतं. रस्त्यावरून शिरलात तर तळमजला, आणि मागच्या परसातून पाहिलं तर तोच दुसरा मजला. कुठे रस्त्यापासून फाटकापर्यंतच दगडी घाटी उतरावी किंवा चढावी लागते. त्यात खाली नुसतं पार्किंग असलं तर त्याच्या वरच्या मजल्याला कुणी पहिला म्हणतो, कुणी तळमजला. त्यामुळे मजल्याचा आकडा ऐकून माणसाच्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं आणि आल्यावर जे दिसतं, त्यात वीस-पंचवीस पायऱ्यांचा फरक पडतो. आजीला गुडघ्याचा त्रास असलेलं कुटुंब तिथूनच वळतं, आणि त्यांचं काही चुकत नाही.

म्हणून मी मजल्याच्या सोबत पायऱ्या मोजून लिहिते. गाडी जिथे उभी राहते तिथपासून घराच्या दारापर्यंत. CH-14 ला मी मागे एकदा आले होते, रस्त्यापासून फाटकापर्यंत चौदा आणि इमारतीत छत्तीस, मिळून पन्नास. तुम्ही पुन्हा मोजून घ्या. ‘दुसरा मजला, लिफ्ट नाही, गाडीपासून दारापर्यंत ५० पायऱ्या’ एवढं वाचून जो येईल तो जिन्यातून परत जाणार नाही. चौकश्या कमी होतील, हे आधीच सांगते. पण वाया जाणाऱ्या फेऱ्या त्याहून जास्त कमी होतील, आणि पेट्रोल तुमचंच जळतं.

चिपळुणात मजल्याचा दुसरा अर्थही आहे, तो तुम्हाला मी सांगायला नको. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर इथे घर बघणारा प्रत्येक जण मनात एकच विचारतो: पाणी कुठपर्यंत आलं होतं? कुणी तोंडाने विचारतो, कुणी भिंतीवरची रेघ शोधतो. बाजारपेठ, खेर्डी या बाजूच्या घरांना हे पानावर स्पष्ट लिहा. ‘२०२१ ला तळमजल्यावर छातीइतकं पाणी, हा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, आत पाणी आलं नाही, पार्किंगमधली वाहनं बुडाली.’ मालक म्हणेल, असं लिहिलं तर कोण घेईल. ज्याला घ्यायचं आहे तो शेजाऱ्याला विचारून घेतोच. तुमच्या पानावर ते आधीच लिहिलेलं दिसलं, की उरलेल्या ओळींवरही त्याचा विश्वास बसतो. जुलैत गाडी कुठे वर नेऊन लावता येईल, हेही सांगता आलं तर उत्तमच. मात्र ऐकीव लिहू नका, त्या इमारतीत तेव्हा राहत असलेल्या माणसाला विचारून लिहा.

क्षेत्रफळाचं थोडक्यात. पानावर तुम्ही ७८० चौरस फूट दिलंय, ते मालकाने सांगितलेलं बिल्ट-अप असणार. भाडेकरूला भिंतींच्या आतली जागा हवी असते. टेप घेऊन प्रत्येक खोली मोजा आणि तशीच लिहा: हॉल १० बाय १५, खोल्या १० बाय ११ आणि १० बाय १०, स्वयंपाकघर ८ बाय ९. पलंग, कपाट, फ्रीज बसेल का, हे त्यावरून त्याला घरबसल्या कळतं. जिन्याचं वळण अरुंद असेल तर तेही लिहा. फ्रीज जिन्यात अडकलेला आणि हमाल वरखाली बघत उभे, हा प्रसंग मी दोनदा पाहिला आहे.

आता फोटो. CH-14 चे नऊ फोटो आहेत, त्यातले पाच हॉलचे, आणि तेही फोनच्या ०.५ वाल्या रुंद लेन्सने काढलेले. त्या लेन्सने दहा फुटांची खोली सभागृहासारखी दिसते. माणूस येतो, दारात उभा राहतो आणि त्याचा चेहरा पडतो. साध्या १ वर ठेवा, फोन आडवा, छातीच्या उंचीवर सरळ, दाराच्या कोपऱ्यात उभं राहून समोरचा कोपरा धरायचा. वेळ सकाळी दहाच्या सुमाराची, खिडक्या उघड्या, दिवे बंद. प्रत्येक खोलीचा एक, फार तर दोन.

आणि ज्यांचे फोटो कुणी टाकत नाही ते टाका. रस्त्यावरून घाटी कशी दिसते. जिना. संडास-बाथरूम, पुसून कोरडं केलेलं. ओटा आणि सिंक, नळासकट. कपडे वाळवायची जागा, कारण पावसाळ्यातले चार महिने इथे कपडे कुठे वाळणार हा बाईमाणसाचा पहिला प्रश्न असतो, आणि गच्चीवर पत्रा असेल तर ती मोठी जमेची बाजू आहे. पश्चिमेच्या भिंतीचा आतून एक फोटो, वरच्या कोपऱ्यासकट. झोडपणारा पाऊस त्याच अंगाने येतो, ओल आणि बुरशी तिथेच दिसते. डाग असेल तर झाकू नका, ‘ओल आहे, मालक मेमध्ये बाहेरून वॉटरप्रूफिंग करून देणार’ असं खाली लिहा. मेमधल्या कोरड्या भिंतीचे फोटो बघून घर घेतलेला भाडेकरू जुलैत तुम्हालाच फोन करतो.

जुना भाडेकरू अजून राहत असेल तर फोटो काढायच्या आधी त्याला विचारा. देव्हारा, मुलांचे फोटो, दारावरची पाटी, गाडीचा नंबर फ्रेममधून बाहेर ठेवा.

फोटो तसाच चढवू नका, दोन कारणांनी. एक म्हणजे वजन. फोनचा फोटो तीन-चार एमबीचा असतो, तुमचे नऊ मिळून तीसेक एमबी होतात. गुहागरच्या वाटेवर एखाद्या वळणात जेमतेम रेंज धरून बसलेल्या माणसाच्या फोनवर ते पान उघडतच नाही. लांब बाजू १६०० पिक्सेल ठेवली तर फोटो साधारण दोन-तीनशे केबीत बसतो आणि नजरेला काही फरक जाणवत नाही. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. फोनवर लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये त्या जागेचे अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात. मालक मुंबईला, घर आठ महिने कुलूपबंद, आणि तुम्ही ते जगाला नेमक्या ठिकाणासकट सांगताय. संगणकावर ImageMagick हा प्रोग्रॅम घालून घेतला की त्याची ही आज्ञा दोन्ही कामं करते:

```
magick hall.jpg -auto-orient -resize "1600x1600>" -strip -quality 78 hall-web.jpg
```

`-strip` आतली माहिती काढून टाकतो, लोकेशनसकट. `-auto-orient` त्याच्या आधीच लागतो, कारण फोटो उभा की आडवा हेही त्याच माहितीत असतं. ते विसरलात तर बाथरूम कलंडलेलं दिसेल. मालकांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोतून लोकेशन निघून जातं, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर सगळं तसंच राहतं. आयफोनवाल्यांकडून HEIC फाइल आली तर ती आधी जेपीजी करून घ्या, नाहीतर बऱ्याच फोनवर नुसती रिकामी चौकट दिसते.

तुमच्याकडची गुहागरची घरं वेगळ्या जातीची आहेत, त्यांच्याबद्दल एक माझ्या हातून झालेली चूक सांगते. समुद्राकडे जाणाऱ्या पाखाडीतलं कौलारू घर होतं, पडवी, माजघर, दोन खोल्या, मागे विहीर. मी सुंदर फोटो काढले, खोल्या मोजल्या, सगळं लिहिलं. शाळेत नोकरीला आलेलं एक जोडपं जूनमध्ये राहायला आलं. भाद्रपदात मालक मुंबईहून गणपतीला आले, आणि त्यांच्याबरोबर अकरा माणसं. मालकाच्या दृष्टीने त्यात काही गैर नव्हतं, त्यांचा गणपती त्या माजघरात पिढ्यान्‌पिढ्या बसतो. जोडप्याला हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. दोन्ही बाजू भल्या होत्या, तरी दिवाळीआधी घर रिकामं झालं. दोष माझ्या पानाचा होता. मी मालकाला विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून चाकरमान्यांच्या प्रत्येक घराला तीन ओळी सक्तीच्या केल्या आहेत. मालकाच्या ताब्यात कुठली खोली राहणार. गणपती, शिमगा आणि मे महिन्यात मालक येणार का, किती दिवस, किती माणसं. आवारातले आंबे-नारळ कुणाचे. तिसरी ओळ वाचून हसू नका, एप्रिलमधली भांडणं त्यावरूनच होतात. या ओळी फोटोंच्या वर लिहायच्या, तळाला नाही. मालकाने ‘गणपतीला आम्ही दहा दिवस येणार, माजघर आणि एक खोली आम्हाला’ असं आधी सांगितलं, तर ते मान्य करून राहणारे लोक मिळतात. कोकणातला माणूस असेल तर त्याला ते पटतंच, तो उलट आरतीला उभा राहतो.

पाणी मात्र सगळ्याच घरांना खरं लिहा. ‘२४ तास पाणी’ हा शब्द तुमच्या सगळ्या पानांवर आहे, तो काढा. नगरपरिषदेचं किती वेळ येतं, विहीर किंवा बोअर आहे का, ती मेमध्ये आटते का, टँकर लागला तर पैसे कोण देतं. चार छोट्या गोष्टी, पण त्या नसल्या तर प्रत्येक जण फोनवर त्याच विचारतो.

हे सगळं धरून तुमच्या CH-14 चं पान मी असं लिहीन. आकड्यांची खात्री तुम्ही जागेवर करा, पाण्याचं आणि पैशाचं मी अंदाजाने घातलं आहे:

‘CH-14. खेंड, चिपळूण. २ बीएचके, रिकामा. खात्री केली: ६ जून. दुसरा मजला, खाली पार्किंग, लिफ्ट नाही. गाडीपासून दारापर्यंत ५० पायऱ्या. जागा चढावर आहे, २०२१ च्या पुराचं पाणी इथे आलं नव्हतं. हॉल १०×१५, खोल्या १०×११ आणि १०×१०, स्वयंपाकघर ८×९ फूट. नळाचं पाणी सकाळी एक तास, इमारतीची विहीर आहे, मेमध्ये टँकर लागतो, खर्च मेंटेनन्समध्ये धरलेला. पश्चिमेच्या खोलीत वरच्या कोपऱ्यात ओलीचा डाग आहे, फोटो पाहा. भाडं ९,००० रुपये, मेंटेनन्स ६०० वेगळा, डिपॉझिट ३०,०००. अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार. कुटुंब किंवा नोकरी करणारे दोघे-तिघे चालतील.’

यात भाडं आकड्यात आहे, हे बघा. तुमच्या पानावर ‘भाडं योग्य’ लिहिलंय. ज्याचं बजेट सात हजार आहे तोही फोन करतो आणि ज्याला बारा परवडतात तो ‘लपवताहेत म्हणजे जास्तच असणार’ म्हणून करत नाही. आणि ‘नोंदणीकृत’ हा शब्द मालकांना आवडो न आवडो, तो ठेवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. मालकाला हे समजावून सांगा, तो स्वतःच नोंदणीला तयार होतो. खर्च कुणी करायचा तेवढं आधी ठरवून पानावर घाला.

घर दिलं गेलं की पान लगेच पुसू नका. कुणीतरी ते नातेवाइकाला पाठवलेलं असतं, आणि त्याला ‘पान सापडत नाही’ दिसलं की त्याला वाटतं साइटच बंद पडली. वर ‘दिलं गेलं’ अशी पट्टी लावा, फोटो एकच ठेवा, चौकशीच्या बटणाच्या जागी त्याच भागातली, त्याच भाड्याची दोन-तीन घरं दाखवा. महिना-दीड महिन्याने मग काढून टाका.

सगळं एकदम करायला जाऊ नका. आज स्पॅम बघा आणि From दुरुस्त करून घ्या. उद्या सकाळी टेप घेऊन CH-14 ला जा, पायऱ्या मोजा, फोटो पुन्हा काढा. मग पंधरा दिवस प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न काय आला तो वहीत लिहून ठेवा. एकच प्रश्न तीनदा आला की त्याचं उत्तर पानावर नाही असं समजा आणि ते त्याच दिवशी लिहा. माझी परवाची चौकशी स्पॅममध्ये सापडली तर तेवढं मात्र कळवा.